गॉर्डी तलावातले चौदा दिवस

२ जूनच्या सकाळी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या गॉर्डी नावाच्या एका तलावात लावलेले सापळे उपसले, तेव्हा एका विशिष्ट जातीचे दहा मासे हाती लागले. तळहातापेक्षा थोडे मोठे, चपटे, अंगावर हिरवट-पिवळी झाक आणि कल्ल्यावरच्या झाकणाच्या टोकाला तांबडी कड. या तांबड्या कडेवरून तिकडे त्याला ‘रेडइअर सनफिश’ म्हणतात. तळाशी फिरून गोगलगायी शोधायच्या आणि त्यांचे शंख घशातल्या दातांनी फोडून खायचे, हा त्याचा उद्योग. दहाही माशांवर खूण केली आणि त्यांना परत पाण्यात सोडून दिले.

हे काम शेल्बी गर्किंग या मत्स्यशास्त्रज्ञाचे. त्याने ते १९५३ साली प्रसिद्ध केले, आणि त्यातले चौदा दिवसांचे आकडे आजही परिसरशास्त्राच्या विद्यार्थ्यांना उदाहरण म्हणून सोडवायला देतात. गर्किंगला हवे होते ते एवढेच : या तलावात हे मासे एकूण किती?

प्रश्न सरळ आहे, पण त्याला सरळ भिडता येत नाही. झाडे जागची हलत नाहीत, ती मोजता येतात. गुरे संध्याकाळी गोठ्यात येतात. मासा पाण्याखाली असतो, आणि पकडलेला मासा आधी पकडला होता की नाही, हे नुसते बघून कळत नाही. तलाव रिकामा करून मोजता येईल, पण मग मोजायला तलावच उरत नाही. म्हणून मोजणी सोडून प्रमाणाकडे जावे लागते.

हे प्रमाण मला स्वतःला पटले ते चिंचोक्यांवर. डबाभर चिंचोके घेतले, त्यातले ४० बाहेर काढून प्रत्येकावर चुन्याचा ठिपका दिला, वाळू दिला आणि पुन्हा डब्यात टाकून डबा चांगला घुसळला. मग न बघता ओंजळभर काढले. ते भरले ५२, आणि त्यांत ठिपक्याचे निघाले ९. ओंजळीत ठिपक्यांचे जे प्रमाण, तेच साधारण डब्यात असणार. ५२ मागे ९, तर किती मागे ४०? त्रैराशिकाने उत्तर येते २३१. नंतर एकेक करून मोजले तर डब्यात २४८ चिंचोके होते. न मोजता केलेल्या अंदाजाला हे वाईट म्हणता येणार नाही.

दुसऱ्या वेळी मी मुद्दाम चूक केली. ठिपक्याचे चिंचोके वरून पसरले आणि डबा न हलवताच वरवरचे ५० काढले. त्यांत २३ ठिपक्यांचे आले. हिशेब झाला ८७. डबा तोच, चिंचोके तेवढेच. फक्त घुसळण राहिली होती. या प्रकरणात पुढे जे काही येणार आहे, त्यातले निम्मे या घुसळणीबद्दलच आहे. चिंचोके आपण घुसळतो, माशांना स्वतःच मिसळावे लागते.

माशांना खुणा करून सोडण्याची कल्पना गर्किंगची नव्हे. डेन्मार्कचा योहानेस पीटरसन १८९०च्या दशकात लिम्फ्योर्ड या खाडीतल्या प्लेस नावाच्या चपट्या माशांवर बिल्ले लावत असे, आणि त्याच्या नावाचा बिल्ला मत्स्यशास्त्रात पुढेही चालू राहिला. त्याला मासे कुठून येतात, किती वाढतात आणि मच्छीमारांच्या जाळ्यात त्यातले किती जातात हे जाणून घ्यायचे होते. तलावात मासे किती आहेत हे काढायला हीच रीत नॉर्वेत क्नूट डाल याने वापरली, डोंगरातल्या लहान तळ्यांमधल्या ट्राउट माशांसाठी. पुढे १९३०मध्ये फ्रेडरिक लिंकनने उत्तर अमेरिकेतल्या रानबदकांच्या पायांतल्या कड्यांवरून असाच हिशेब मांडला, म्हणून या त्रैराशिकाला आता लिंकन आणि पीटरसन या दोघांचे नाव लागते.

पण त्यात एक अडचण आहे. एकदा खुणा करायच्या आणि एकदाच पकडून बघायचे, तर दोन्ही वेळा भरपूर मासे मिळायला हवेत. गॉर्डीत पहिल्या दिवशी मिळाले दहा. पुढचे काही दिवस असेच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अशा वेळी १९३८ साली झोई श्नाबेल या गणितज्ञ बाईंनी सुचवलेली रीत उपयोगी पडते. रोज पकडा, आधीच्या खुणांचे किती आले ते लिहा, नवीन आलेल्यांवर खूण करा, सगळे परत सोडा. दिवसागणिक तलावातल्या खुणांचे मासे वाढत जातात आणि प्रत्येक दिवस म्हणजे एक स्वतंत्र त्रैराशिक होते.

गर्किंगची वही अशी दिसते. ‘आधीच्या खुणा’ म्हणजे त्या सकाळी सापळे उपसण्यापूर्वी तलावात खूण असलेले मासे किती होते, तो आकडा.

| जून | पकडले | त्यांत खुणेचे | आधीच्या खुणा |
|---|---|---|---|
| २ | १० | ० | ० |
| ३ | २७ | ० | १० |
| ४ | १७ | ० | ३७ |
| ५ | ७ | ० | ५४ |
| ६ | १ | ० | ६१ |
| ७ | ५ | ० | ६२ |
| ८ | ६ | २ | ६७ |
| ९ | १५ | १ | ७१ |
| १० | ९ | ५ | ८५ |
| ११ | १८ | ५ | ८९ |
| १२ | १६ | ४ | १०२ |
| १३ | ५ | २ | ११२ |
| १४ | ७ | २ | ११५ |
| १५ | १९ | ३ | ११९ |

बारकाईने बेरीज करणाऱ्याला १२ जूनपाशी अडखळायला होईल. त्या दिवशी १६ पकडले, ४ जुने, म्हणजे १२ नवे. पण दुसऱ्या दिवशीच्या खुणा १०२ वरून १२ने नाही, १०नेच वाढल्या आहेत. कारण त्या दिवशी दोन मासे दगावले. १४ तारखेला आणखी एक दगावला. मेलेला मासा तलावातल्या खुणांत धरायचा नाही, हे वहीत नेमके पाळले आहे. हिशेब चुकण्याच्या जागा अशाच बारीक असतात.

आता एकेका दिवसाचे त्रैराशिक मांडून बघा. ८ जूनला ६ पकडले, त्यांत २ खुणेचे, तलावात खुणा ६७. उत्तर २०१ मासे. दुसऱ्याच दिवशी १५ मध्ये फक्त १ खुणेचा, उत्तर १,०६५. त्याच्या पुढच्या दिवशी ९ मध्ये ५, उत्तर १५३. तीन दिवसांत तलावातले मासे पाचपट झाले आणि मग सातव्या हिश्श्यावर आले, असे काही घडलेले नाही. एखादा जुना मासा त्या रात्री सापळ्यात शिरला की नाही, एवढ्यावर हे आकडे हेलकावे खातात. एका दिवसाच्या आकड्यावर विसंबून कोणी तलावाचा ठेका ठरवला, तर तो फसेल.

श्नाबेल यांच्या रीतीत हे दिवस एकत्र येतात, पण उत्तरांची सरासरी काढून नव्हे. रोजचे पकडलेले मासे आणि त्या दिवशीच्या आधीच्या खुणा यांचा गुणाकार करायचा, हे सगळे गुणाकार मिळवायचे आणि पुन्हा हाती आलेल्या खुणेच्या माशांच्या एकूण संख्येने भागायचे. गॉर्डीच्या तेरा गुणाकारांची बेरीज १०,७४० येते. पहिल्या दिवशी खुणाच नव्हत्या, त्याचा गुणाकार शून्य. पुन्हा मिळालेले मासे २४.

```
N = 10740 / 24 = 447.5
```

म्हणजे सुमारे ४४७ मासे. ज्या दिवशी मासे जास्त पकडले आणि तलावात खुणाही जास्त होत्या, त्या दिवसाचा यात आपोआप जास्त वाटा राहतो. ६ जूनचा एकुलता एक मासा कुठल्या कुठे राहतो, आणि तसेच असायला हवे.

छेदातल्या २४ या आकड्यापाशी थोडे थांबू या, कारण सगळे त्याच्यावर तोललेले आहे. तो नशिबाने आला आहे. हेच चौदा दिवस, तेच मासे, तेच सापळे असते आणि खेळ पुन्हा मांडला असता, तर २४ ऐवजी १९ किंवा ३० आले असते. अशा तुरळक मोजण्यांचे गणित ठाऊक आहे. ज्याचा खरा सरासरी आकडा १५च्या आसपास आहे तिथेही कधीमधी २४ येऊ शकतात, आणि ज्याचा ३५च्या आसपास आहे तिथेही. ही दोन्ही टोके भागून बघितली तर मासे ७२० पासून ३१० पर्यंत कुठेही बसतात. शंभरात पंचाण्णव वेळा खरा आकडा ज्याच्या आत राहील असा हा पल्ला आहे. ‘तलावात ४४७ मासे आहेत’ हे वाक्य एकट्याने सांगणे म्हणूनच अपुरे. पल्ला उत्तराच्या दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला नाही, हेही बघा : खाली १३७चे अंतर, वर २७३चे. खुणेचे मासे कमी मिळाले तर उत्तर भराभर फुगते, जास्त मिळाले तर हळूहळू उतरते. याच कारणाने साधा भागाकार किंचित जास्तीकडे झुकतो, आणि छेदात एक मिळवून तो सावरतात. गॉर्डीत २४ ऐवजी २५ने भागले की उत्तर ४३० येते.

आणखी एक रीत आहे, शूमाकर आणि एशमायर यांची, १९४३ची. तिची कल्पना मला सगळ्यांत आवडते, कारण ती डोळ्यांना दिसते. आलेख काढायचा. आडव्या रेषेवर तलावातल्या आधीच्या खुणा, उभ्या रेषेवर त्या दिवशीच्या पकडीत खुणेच्या माशांचे प्रमाण. सगळे मासे नीट मिसळलेले असतील, खुणा टिकून असतील आणि नवे मासे येत-जात नसतील, तर हे ठिपके शून्यातून निघणाऱ्या एका सरळ रेषेभोवती पडले पाहिजेत. खुणा दुप्पट, तर प्रमाणही दुप्पट. रेषा वाकली, तर कुठेतरी गृहीतक मोडले आहे. गॉर्डीसाठी या रीतीने ४२३ येतात. ४४७, ४३०, ४२३ : पल्ल्याची रुंदी बघितली तर हे तीनही आकडे एकच समजावेत.

पण आलेखातले ठिपके बघितले की पहिले सहा दिवस खुपतात. ३ ते ७ जून या पाच दिवसांत ५७ मासे पकडले आणि एकही खुणेचा नाही. तलावात ४४७ मासे आहेत असे धरून हिशेब केला, तर या काळात तीन-चार खुणेचे मासे मिळायला हवे होते. साधारण चार अपेक्षित असताना शून्य मिळणे अशक्य नाही. चाळीस खेळांत एखाद्या वेळी ते होते. आणि लगेच १० जूनला जेमतेम दोन अपेक्षित असताना पाच. पुढे शेवटच्या दिवशी पाच अपेक्षित, मिळाले तीन.

हा निव्वळ योगायोग असू शकतो. पण मासा हा चिंचोका नाही, हे लक्षात घेऊन दुसरी कारणेही तपासावी लागतात. हाताळलेला, खूण केलेला मासा घाबरून काही दिवस सापळ्यांपासून लांब राहिला असेल. तसे असेल तर सुरुवातीला खुणेचे मासे प्रमाणापेक्षा कमी मिळतात आणि मग एकदम येऊ लागतात. वहीत दिसते तसेच. दुसरे, या जातीच्या माशांचा विणीचा हंगाम याच सुमाराला असतो. नर उथळ पाण्यात तळाशी वाटीसारखे खड्डे करतात, एकमेकांना खेटून, आणि अंड्यांची राखण करत तिथेच थांबतात. राखण करणारा नर आणि मोकळी फिरणारी मादी सापळ्यात शिरायला सारखेच तयार असतील, असे धरणे धाडसाचे आहे.

तिसरे कारण गर्किंगच्याच दुसऱ्या कामातून पुढे येते. त्याच १९५३ साली त्याने ओढ्यातल्या माशांवर एक निबंध लिहिला आणि दाखवले की कित्येक मासे ओढ्याच्या एका लहान टप्प्यातच राहतात, उचलून बाजूला नेले तरी आपल्या जागेकडे परततात. तलावातला मासा असाच घरकोंबडा असेल तर काय होईल? सापळे नेहमी एकाच कोपऱ्यात लावले, तर त्या कोपऱ्यातले तेच मासे पुन्हापुन्हा येतील, खुणेचे प्रमाण वाढेल आणि अंदाज खऱ्यापेक्षा बराच कमी येईल. माझ्या न घुसळलेल्या डब्यातले ८७. उलट, खुणा करून सोडले एका टोकाला आणि पकडले दुसऱ्या टोकाला, तर खुणेचे मासे मिळणारच नाहीत आणि अंदाज आकाशाला भिडेल. यावर उपाय कागदावर नाही, पाण्यावर आहे. सापळ्यांच्या जागा सगळ्या काठाभोवती पसरायच्या, खोल-उथळ दोन्हीकडे लावायच्या, रोज बदलायच्या, आणि प्रत्येक जागेची नोंद वेगळी ठेवायची. मग पूर्व काठाला खूण केलेले मासे पश्चिम काठाला कितपत मिळतात हे पाहता येते. मिळतच नसतील, तर तो एक तलाव नसून दोन आहेत असे समजून वेगवेगळा हिशेब करावा.

खूण हरवणे हा वेगळा त्रास. माशाच्या पराचा कोपरा कातरला तर तो पुन्हा वाढतो. वाढलेल्या भागातले काटे वाकडे-तिकडे असतात, सराव असलेल्या डोळ्याला ते ओळखू येतात, नवख्याला नाही. बिल्ला लावला तर तो निसटतो. दोन आठवड्यांच्या कामात याची फारशी झळ लागत नाही, पण वर्षभराने पुन्हा पकडायचे असेल तर लागते. खूण गेलेला मासा वहीत ‘नवा’ म्हणून लिहिला जातो, छेद आटतो, तलावात नसलेले मासे कागदावर येतात.

ही गळती मोजता येते, आणि तीही त्याच त्रैराशिकाने. काही माशांना एकाच्या जागी दोन बिल्ले लावायचे. समजा, पुन्हा पकडलेल्या अशा माशांपैकी १८ जणांवर दोन्ही बिल्ले आहेत आणि ६ जणांवर एकच. दोन बिल्लेवाल्या १८ जणांकडे ३६ बिल्ले, एकवाल्यांकडे ६, आणि त्या सहांचे ६ हरवलेले. यातून एक बिल्ला टिकण्याची शक्यता निघते ती ३६ भागिले ४२, म्हणजे सातात सहा. मग दोन्ही हरवण्याची शक्यता झाली सातव्याचा सातवा, एकोणपन्नासात एक. जे मासे खुणेविना परतले आणि आपल्याला कधीच ओळखू येणार नाहीत, त्यांची संख्याही अशी काढता येते. दोन बिल्ले एकमेकांवर अवलंबून न राहता गळतात, एवढी अट मात्र त्यात आहे. दोन्ही एकाच परावर लावले तर ती पाळली जात नाही.

खूण केल्यावर मासा मरणे हे याहून अवघड, कारण मेलेला मासा साक्ष द्यायला परत येत नाही. सापळ्यात दगावलेले तीन दिसले आणि वहीतून वगळले. सोडल्यानंतर पाण्याखाली दगावलेले कोणी पाहिले नाहीत. खूण केलेल्यांपैकी दहावा हिस्सा असा गुपचूप गेला असेल, तर गॉर्डीचा अंदाज ४४७ वरून ४०३ वर येतो. हे तपासायचे तर खूण केलेले थोडे मासे आणि खूण न केलेले तेवढेच मासे तलावातच जाळीच्या पिंजऱ्यात काही दिवस ठेवून दोन्हींतले किती जगतात ते पाहावे लागते. साधा मृत्यू मात्र इतका घातक नाही. खूण असलेले आणि नसलेले सारख्याच प्रमाणात मरत असतील, तर प्रमाण बदलत नाही, आणि उत्तर खुणा केल्या त्या दिवसांपुरते बरोबर राहते. बाहेरून नवे मासे आले, किंवा पिल्ले वाढून सापळ्यात अडकण्याएवढी झाली, तर मात्र प्रमाण पातळ होते. चौदा दिवसांत काम उरकण्याचे हे मोठे कारण आहे.

४४७ हा आकडा कशाचा, तेही नेमके सांगायला हवे. तो तलावातल्या सगळ्या माशांचा नाही. सापळ्याच्या जाळीतून निसटून जाणारी पिल्ले त्यात नाहीत, दुसऱ्या जातींचे मासे नाहीत. मोठे मासे आणि मध्यम मासे सापळ्यात सारख्या सहजतेने अडकत नसतील, तर त्यांना एकत्र मोजणेही चुकीचे; लांबीप्रमाणे गट करून प्रत्येक गटाचा हिशेब वेगळा करावा.

असे काम पुन्हा हाती घ्यायचे झाले तर किती मासे पकडावे लागतील, हे आधीच काढता येते. चोविसाच्या जागी सुमारे ६४ खुणेचे मासे परत मिळाले, तर पल्ला उत्तराच्या दोन्ही बाजूंना साधारण पाव हिश्श्यावर येतो. ४५० माशांच्या तलावात ६४ परत मिळायचे, तर खुणा केलेले आणि नंतर पकडलेले यांचा गुणाकार २८,८००च्या घरात जायला हवा. म्हणजे १७० माशांवर खूण करायची आणि नंतर पुन्हा १७० पकडून बघायचे. गर्किंगच्या सापळ्यांत चौदा दिवसांत, दुबार आलेले धरून, १६२ मासे आले होते. तेवढेच सापळे ठेवले तर महिना लागेल, आणि महिनाभरात पिल्ले वाढून सापळ्यात येऊ लागतील. म्हणून दिवस नाही, सापळे दुप्पट करायचे.